हृदयविकार नसताना रोजची ॲस्पिरिन ७५ : बाबांची चालू ठेवावी की बंद करावी?

पाचपाखाडीकर
नमस्कार मंडळी. बाबांचं वय ७३. बीपी आहे, पण गोळीवर वरचा आकडा १३०-१३५ च्या आसपास असतो. मधुमेह नाही. अटॅक, स्टेंट, लकवा यातलं काहीही झालेलं नाही. २०१४ पासून रात्री जेवण झालं की ॲस्पिरिन ७५ घेतात. आमच्या घरच्या डॉक्टरांनी 'रक्त पातळ राहायला' म्हणून सुरू केली होती.

आता मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी फिटनेस हवं होतं. बाबा तेव्हा वाशीला ताईकडे होते, म्हणून तिकडच्या फिजिशियनना दाखवलं. ते म्हणाले, "हृदयाचं काही नाही, मग ही कशाला चालू आहे? बंद करा." ठाण्याला परत आल्यावर घरच्या डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "इतकी वर्षं काही झालं नाही ते हिच्यामुळेच." बाबा अर्थातच घरच्या डॉक्टरांच्या पक्षात. ताई वाशीच्या पक्षात. मी मधल्या मध्ये. कुणाकडे असा प्रसंग आला होता का?

बायपासवाले_काका
अजिबात बंद करू नका!! माझी बायपास झाली तेव्हा सर्जननी बजावून सांगितलं होतं, एक वेळ जेवण चुकलं तरी चालेल, ही गोळी चुकवायची नाही. माझा मित्र दात काढायला गेला, स्वतःच्या मनाने गोळी बंद केली आणि आठवड्यात स्टेंट बंद पडला. डॉक्टर लोक हल्ली काहीही सांगतात.

चहाटळ
काका, शीर्षकातले पहिले दोन शब्द परत एकदा वाचा. चष्मा लावून.

बायपासवाले_काका
वाचले. आज नाही विकार, उद्या होईल. तो न व्हावा म्हणूनच ना गोळी?

निर्गुंडी
मला वाटतं घाबरण्यासारखं काही नाही. हल्लीच्या गोळीवर आवरण असतं, ती पोटात विरघळत नाही, पुढे आतड्यात जाऊन विरघळते. त्यामुळे जठराला त्रास होतो ही जुनी गोष्ट झाली. शिवाय ७५ म्हणजे डोस किती लहान! आमच्या सोसायटीत साठीच्या पुढचे निम्मे लोक घेतात. तलावपाळीला फेरी मारून आले की पेढ्यासारखी तोंडात टाकतात.

सीवूड्सचा_संशयी
अमेरिकेने ॲस्पिरिन वाईट ठरवली आहे २०२२ मध्ये. विषय संपला.

नेरुळची_सुमा
विषय संपला नाही, सुरूही झालेला नाही. मी मेडिकल कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवत होते, आता निवृत्त आहे. पेशंट बघत नाही, तेव्हा हा सल्ला नव्हे, माहिती समजा.

निर्गुंडी, आवरणाबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. आवरणाने गोळी जठराच्या अस्तराला थेट चिकटून बसत नाही, जळजळ कमी होते. पण रक्तस्राव व्हायला गोळीने जठराला शिवायची गरजच नसते. औषध आतड्यातून रक्तात जातं आणि रक्तातून दोन कामं करतं. एक, प्लेटलेट एकमेकींना चिकटायला जो संदेश पाठवतात तो बंद पाडतं. त्या प्लेटलेटला केंद्रक नसतं, ती नवं एन्झाइम बनवू शकत नाही, म्हणून तिच्या उरलेल्या आयुष्यभर, म्हणजे आठ-दहा दिवस, ती निकामीच राहते. त्यामुळेच इतका लहान डोस पुरतो. दुसरं, जठराच्या आतल्या संरक्षक थराला जी प्रोस्टाग्लँडिन लागतात ती कमी करतं. पोटात एखादी बारीक जखम असली तर थरही कमजोर आणि रक्त थांबवणाराही रजेवर. आवरण असो वा नसो, हे टळत नाही.

बायपासवाले काका, तुमच्या सर्जननी सांगितलं ते शंभर टक्के बरोबर आहे आणि तुम्ही तसंच करा. अटॅक, स्टेंट, बायपास, मेंदूत गुठळीचा झटका येऊन गेलेला असेल तर पुढचा झटका येण्याची शक्यता मुळातच इतकी मोठी असते की गोळीचा फायदा धोक्याला मागे टाकतो. हा धागा वाचून अशा कुणीही गोळी सोडू नये. पण पाचपाखाडीकरांच्या बाबांचा हिशोब वेगळा आहे.

तेव्हा पाचपाखाडीकर, पहिलं काम म्हणजे जुनी फाइल काढा. २०१४ ला नेमकं काय बघून गोळी सुरू केली? पुष्कळदा घरचे म्हणतात 'काही नाही झालेलं' आणि फाइलमध्ये अँजिओग्राफीत ब्लॉक सापडलेला असतो, किंवा पाच मिनिटं हात लुळा पडून परत आला होता ते कुणी सांगितलेलं नसतं. तसं काही असेल तर वाशीच्या डॉक्टरांचं मतही बदलेल.

घोडबंदरी
सुमाताई, पण मग घरचे डॉक्टर चुकले असं म्हणायचं का? आमचेही तसेच आहेत, पंचावन्न झाली की ॲस्पिरिन.

नेरुळची_सुमा
नाही हो. त्यांच्या उमेदीच्या काळात पुरावा तसाच होता. १९८९ साली अमेरिकेतल्या बावीस हजार पुरुष डॉक्टरांवरचा अभ्यास आला. ठणठणीत माणसं, दिवसाआड ३२५ मिलिग्रॅम, आणि हार्ट अटॅक ४४ टक्क्यांनी कमी. आम्ही वर्गात उत्साहाने शिकवलं आहे ते. पण तेव्हा कोलेस्टेरॉलची स्टॅटिन औषधं नुकतीच येत होती, बीपीची औषधं आजच्याइतकी सहज मिळत नव्हती, सिगरेटचा धूर सगळीकडे. आता ती बाकीची औषधंच बराचसा धोका काढून टाकतात, मग ॲस्पिरिनला वाचवायला उरतं थोडं. रक्तस्राव मात्र तेवढाच होतो, उलट वयाबरोबर वाढतो.

२०१८ ला ॲस्प्री नावाचा अभ्यास आला, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतली एकोणीस हजार माणसं, बहुतेक सत्तरीपुढची, हृदयविकार नसलेली. अर्ध्यांना १०० मिलिग्रॅम, अर्ध्यांना खोटी गोळी. साधारण पावणेपाच वर्षं. हजार माणसं पाच वर्षं गोळी घेत राहिली असं धरून मी त्यांचे आकडे मांडले, तर मोठा रक्तस्राव होणारे सुमारे बारा जण जास्त. हृदयाचे आणि मेंदूचे झटके तीनेक कमी, आणि तो फरकही योगायोग असू शकेल इतका लहान. बाबा ७३ चे आहेत, म्हणून हा अभ्यास त्यांच्या सर्वांत जवळचा.

सीवूड्सचा_संशयी
तेच तर म्हणालो मी. २०२२. साठीपुढे नको.

नेरुळची_सुमा
२०२२ ची अमेरिकी शिफारस अशी आहे की साठीपुढे नव्याने *सुरू करू नका*. ४० ते ५९ मध्ये धोका जास्त असेल तर डॉक्टर-पेशंटने मिळून ठरवा. जे आधीपासून घेत आहेत त्यांच्याबद्दल एवढंच म्हटलंय की पंचाहत्तरीच्या सुमारास थांबवायचा विचार करणं योग्य ठरू शकेल. अकरा वर्षं घेणाऱ्या ७३ वर्षांच्या माणसाने काय करावं याचं सरळ उत्तर त्यात नाही. ॲस्प्रीतही बहुतेकांनी नव्यानेच सुरू केली होती. त्यामुळे घरच्या डॉक्टरांचं 'इतकी वर्षं सोसली' हे म्हणणं अगदीच फेकून देता येत नाही.

कोपरीचा_मास्तर
माझा आक्षेप वेगळा आहे. हे सगळे गोऱ्यांवरचे अभ्यास. आपल्याकडे पंचेचाळिशीत अटॅक येतात. माझ्या शाळेतले दोन सहकारी पन्नाशीच्या आत गेले. त्यांच्या आकड्यांवर आपण आपल्या गोळ्या का ठरवायच्या?

नेरुळची_सुमा
मास्तर, प्रश्न रास्त आहे. टिप्स-३ म्हणून अभ्यास झाला, त्यात जवळपास निम्मे लोक भारतातले होते, ॲस्पिरिनही आपलीच ७५ ची. नुसत्या ॲस्पिरिनने झटके थोडे कमी दिसले, ४.७ वरून ४.१ टक्के, पण ठामपणे म्हणता येईल इतके नाहीत. रक्तस्राव तिथे फारसा वाढला नाही हेही खरं. पण त्यात रक्तस्रावाचा धोका असलेल्यांना घेतलंच नव्हतं आणि सरासरी वय बाबांपेक्षा दहाएक वर्षांनी कमी. बीपी-कोलेस्टेरॉलच्या एकत्र गोळीबरोबर ॲस्पिरिन दिली तेव्हा मात्र फायदा स्पष्ट होता. म्हणून पन्नाशीतल्या, धोका जास्त असलेल्या भारतीय माणसासाठी दार बंद झालंय असं मी म्हणणार नाही. त्र्याहत्तरीसाठी मत बदलत नाही.

चहाटळ
थोडक्यात, तरुणपणी घ्यायची गोळी आपण म्हातारपणी घेतो. लग्नासारखंच.

मृण्मयी_घणसोली
विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही. हा धागा वाचून मी सासूबाईंचा गोळ्यांचा डबा काढला. त्यांची एक 'कोलेस्टेरॉलची कॅप्सूल' आहे, पट्टीच्या मागे भिंगाने वाचलं तर स्टॅटिन अधिक ॲस्पिरिन ७५! आणि डब्यात ॲस्पिरिन ७५ वेगळीसुद्धा आहे. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या. त्या म्हणतात, "लाल ती कोलेस्टेरॉलची, पांढरी ती हृदयाची." हृदयाचं त्यांना काही झालेलंच नाही.

मागे भागात डेंगीची साथ होती तेव्हा सासूबाईंना ताप आला होता. दवाखान्यात विचारलं होतं ॲस्पिरिन घेता का. आम्ही छातीठोकपणे नाही म्हणालो होतो.

नेरुळची_सुमा
धाग्यातली सर्वांत कामाची पोस्ट. अशा जोडगोळ्या आपल्याकडे भरपूर आहेत, काहींत तर तिसरं औषध, क्लोपिडोग्रेलही असतं. डेंगीत प्लेटलेट आधीच खाली जातात, त्यात ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन म्हणजे उरलेल्याही निकामी. तापाला पॅरासिटामॉल, आणि डॉक्टरांना पट्टीच दाखवायची, रंग सांगायचा नाही.

एक मात्र जपा. कॅप्सूल सरसकट बंद करू नका. ॲस्पिरिन नको म्हणून तिच्याबरोबर स्टॅटिनही गेलं तर खरं काम करणारं औषध गेलं. डॉक्टरांकडून नुसतं स्टॅटिन वेगळं लिहून घ्या.

निर्गुंडी
लसूण? रोज दोन पाकळ्या. रक्त पातळ, पोट साफ.

चहाटळ
आणि लोकलमध्ये बसायला जागा.

पाचपाखाडीकर
सगळ्यांचे आभार. दोन दिवस कपाटं उपसली. २०१४ ची फाइल मिळाली. छातीत गॅससारखं दुखलं म्हणून स्ट्रेस टेस्ट केली होती, रिपोर्ट 'संशयास्पद', पुढे एको नॉर्मल, अँजिओग्राफी झालीच नाही. त्याच भेटीत ॲस्पिरिन सुरू. त्यानंतर छातीत दुखल्याची एकही नोंद नाही.

फाइल काढताना आणखी एक दिसलं. हिमोग्लोबिन २०२१ मध्ये १३.८, २०२३ मध्ये १२.६, आणि आता फिटनेससाठी काढलं ते ११.१. प्रत्येक वेळी 'वयाप्रमाणे थोडं कमी' म्हणून सोडून दिलं. बाबा हल्ली जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबतात, आम्ही समजत होतो गुडघे. गुडघ्यांसाठी ते कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून ॲसिक्लोफेनॅकची गोळी आणतात, 'रोज नाही, लागेल तेव्हाच'. आईला विचारलं तर पावसाळ्यापासून जवळजवळ रोज.

नेरुळची_सुमा
आता प्रश्न बदलला. 'ॲस्पिरिन घ्यावी की नाही' हा राहिला नाही, 'रक्त कुठे जातंय' हा आला.

ॲस्पिरिन एकटी असताना जो धोका असतो, तो गुडघ्याच्या गोळीसोबत कितीतरी वाढतो. दोघी जठराच्या त्याच थरावर घाव घालतात. सत्तरीच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन चार वर्षांत पावणेतीनने उतरणं हे वय नव्हे. सगळ्यांना रक्ताची उलटी होते असं नाही, बऱ्याचदा रोज चमचाभर जात राहतं आणि माणूस फक्त दमतो. ॲस्प्रीतही ॲस्पिरिनवाल्यांत ॲनिमिया जास्त आढळला, कुणाला मोठा रक्तस्राव झालेला नसतानाही.

बाबांना शौचाचा रंग विचारा, आणि लाजू नका. डांबरासारखी काळी, चकचकीत, भांड्याला चिकटणारी आणि नेहमीपेक्षा फार घाण वास येणारी असेल, किंवा चक्कर, घाम, छातीत धडधड असेल तर अपॉइंटमेंट बघत बसू नका, सरळ कॅज्युअल्टीत. लोहाच्या गोळीनेही काळी होते, पण ती घट्ट, हिरवट काळी असते, तो वास नसतो. लोह सुरू केलं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. तसं काही नसलं तरी गुडघ्याची गोळी आजच बंद, आणि या आठवड्यात हे तिन्ही हिमोग्लोबिनचे कागद एका ओळीत ठेवून डॉक्टरांपुढे मांडा. एकेक कागद पाहिला की कुणालाच काही दिसत नाही.

बायपासवाले_काका
मी पण गुडघ्याला तीच घेतो हो.

ऐरोलीचा_अभय
मध्येच घुसतो. मी ५६, मधुमेह बारा वर्षं, बीपी आहे, स्टॅटिन घेतो, सिगरेट सोडली. हृदयाचं काही नाही. डॉक्टरांनी ॲस्पिरिन विचारली आहे, निर्णय माझ्यावर सोडलाय. मधुमेहींना तर फायदा होतो ना?

नेरुळची_सुमा
होतो, आणि तोटाही जवळपास तेवढाच. २०१८ चाच असेंड अभ्यास, ब्रिटनमधले पंधरा हजारांवर मधुमेही, साडेसात वर्षांच्या आसपास. गंभीर झटके ९.६ वरून ८.५ टक्क्यांवर आले, मोठे रक्तस्राव ३.२ वरून ४.१ वर गेले. शंभरात एकाचा झटका टळला, शंभरात जवळजवळ एकाला रक्तस्राव झाला.

ऐरोलीचा_अभय
मग बरोबरी?

नेरुळची_सुमा
आकड्यांची जवळपास बरोबरी, पण एकेका घटनेचं वजन सारखं नसतं. पोटातला रक्तस्राव बहुतेक वेळा दवाखान्यात आटोक्यात येतो, हृदयाचा स्नायू मेला की परत येत नाही. मेंदूतला रक्तस्राव मात्र दोन्हीपेक्षा वाईट. तुम्हाला आधी अल्सर झाला असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, बीपी हाताबाहेर असेल, सतत दुखण्याच्या गोळ्या लागत असतील तर नको. यातलं काहीच नसेल आणि घरात लवकर अटॅकचा इतिहास असेल तर मी तुमच्या डॉक्टरांशी वाद घालणार नाही.

घोडबंदरी
माझ्या कार्डिओलॉजिस्टने अशाच पेचात कॅल्शियम स्कोअर करायला सांगितला होता. सीटीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांमधला कॅल्शियम मोजतात. माझा शून्य आला, ॲस्पिरिन नको म्हणाले. शंभराच्या वर आला असता तर विचार केला असता.

कोपरीचा_मास्तर
आणखी एक टेस्ट, आणखी एक बिल.

घोडबंदरी
बिल झालं, मान्य. पण रोजची एक गोळी वाचली.

पाचपाखाडीकर
अपडेट. शौच काळी नव्हती, पण वाशीच्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिनचे तिन्ही रिपोर्ट पाहून लगेच गॅस्ट्रोकडे पाठवलं. लोह कमी निघालं. एंडोस्कोपीत जठराच्या खालच्या भागात दोन छोटे अल्सर, आणि तिथल्या तुकड्यात एच. पायलोरी सापडला. दोन आठवड्यांचं अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी गोळी चालू झाली. ॲस्पिरिन आणि गुडघ्याची गोळी दोन्ही बंद. वय बघून पुढे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणीही सांगितली आहे, अल्सर सापडला म्हणून तिकडे बघायचंच नाही असं नको म्हणाले. मोतीबिंदू पुढे ढकलला.

घरच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला. ते म्हणाले, "अल्सर ॲस्पिरिनने नाही, त्या दुखण्याच्या गोळीने आणि जंतूने झाला." आता यावर काय बोलणार?

सीवूड्सचा_संशयी
सरळ हात झटकले.

नेरुळची_सुमा
नाही, त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. तिघांपैकी कुणाचा वाटा किती ते एंडोस्कोपी सांगत नाही. एच. पायलोरी आपल्याकडे अर्ध्याअधिक मोठ्या माणसांत असतो आणि सगळ्यांना अल्सर होत नाही. ज्यांना ॲस्पिरिन घ्यावीच लागते, त्यांच्यात हा जंतू शोधून मारला की पहिली दोन-अडीच वर्षं तरी रक्तस्राव कमी होतो असं ब्रिटनमधल्या अभ्यासात दिसलं. तेव्हा कुणी म्हणेल जंतू मारला, गुडघ्याची गोळी गेली, आता ॲस्पिरिन परत सुरू करा. पण बाबांना ती घ्यायचं कारणच स्ट्रेस टेस्टमधल्या एका शंकेचं होतं आणि आता खात्यावर अल्सर जमा झालाय. मी असते तर परत सुरू केली नसती. त्या जुन्या शंकेचं काय करायचं ते हृदयाच्या डॉक्टरांना एकदा विचारा, कारण तिथे खरंच ब्लॉक असेल तर हिशोब पुन्हा पहिल्यापासून.

पाचपाखाडीकर
विचारणार आहोत. बाबांची मात्र वेगळीच अडचण. गोळी बंद केल्यापासून रोज रात्री म्हणतात छातीत काहीतरी होतंय. हळूहळू कमी करत बंद करायला हवी होती का?

नेरुळची_सुमा
कमी करत आणायची गरज नसते, नव्या प्लेटलेट येतात तसा परिणाम आठवड्या-दहा दिवसांत आपोआप उतरतो. पण 'छातीत काहीतरी' हे मनाचं आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका. हिमोग्लोबिन ११ असताना हृदयाला काम जास्त पडतं. ईसीजी काढून घ्या, उद्याच.

ऐरोलीचा_अभय
मी अजून ठरवलेलं नाही. वडिलांना ५२ व्या वर्षी अटॅक आला होता, पण मला स्वतःला चाळिशीत ॲसिडिटीचा जबरदस्त त्रास होता, तेव्हा कुणी एंडोस्कोपी केली नाही. आता आधी पायलोरीची तपासणी आणि हिमोग्लोबिन, मग बोलेन.

बायपासवाले_काका
सुमाताई, माझं काय ते सांगा. ॲस्पिरिन बंद करायची नाही हे कळलं. गुडघ्याला काय घेऊ?

नेरुळची_सुमा
लावायचं जेल आणि लागली तर पॅरासिटामॉल, तीही किती ते विचारून. आणि तुमच्या चिठ्ठीवर पोटाची संरक्षक गोळी आहे का ते बघा. नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तेवढंच विचारा.

बायपासवाले_काका
आहे. पण ती मी गॅस झाला तरच घेतो.

चहाटळ
काका!!